तपासणाऱ्याच्या रकान्यातलं नाव

माझं तोंड वाईट आहे हे मला घरचे लहानपणापासून सांगत आलेत. कोल्हापूरकडून जयपूरला नोकरीला आलो तेव्हा आई म्हणाली होती, तिथं तरी जरा गोड बोल, परका मुलूख आहे. मी गोड बोललो नाही. सी-स्कीम भागातल्या ऑफिसात मी पहिल्या वर्षीच दोघांशी भांडलो आणि तिसऱ्या वर्षी टीमचा प्रमुख झालो, त्यामुळे मला वाटायला लागलं की हेच बरोबर आहे. काम येतं ना, मग माणूस काय वाट्टेल ते बोलू शकतो, असा माझा समज होता.

आमचं काम क्लाउडवरची साठवण सांभाळण्याचं. दवाखाने, कॉलेजं, प्रयोगशाळा त्यांच्या फायली आमच्याकडं देत. त्या फायली क्लाउडवर बकेट नावाच्या मोठ्या कप्प्यात राहतात आणि ती बकेट कुठल्या शहराजवळच्या यंत्रांवर ठेवायची ते आपण ठरवतो. त्या जागेला रीजन म्हणतात. एका मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागाची बकेट मुंबई रीजनला होती. त्यांचं नवं सॉफ्टवेअर हैदराबाद रीजनला उभं राहिलं, म्हणून सगळ्या फायली तिकडं न्यायच्या आणि मुंबईची बकेट रिकामी करायची असं ठरलं.

त्या विभागातून निवृत्त झालेल्या एक डॉक्टर शास्त्री नगरात राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, चाळीसेक वर्षं जयपुरात. मराठी मंडळाच्या एका जेवणात ओळख झाली आणि मी त्यांना काकू म्हणायला लागलो. रविवारी दुपारी त्यांच्याकडं वरण-भात, भाजी, वर तुपाची धार. मी पोटभर जेवायचो आणि त्यांच्या कूलरसमोर झोपायचो. त्यांनी आयुष्यभर तोंडाच्या कॅन्सरच्या गाठी जमवल्या होत्या, म्हणजे त्या गाठींचे पातळ काप काचेच्या पट्टीवर. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या बायका, आमेरचे दगड घडवणारे, बसचे कंडक्टर, एक अठरा वर्षांची मुलगी. एकेका रोग्याचे काप दहा-दहा वर्षं, गाठ कशी परत आली, कशी पसरली, कुणाला औषध लागू पडलं. असा संग्रह दुसरीकडं कुठं नाही असं त्या म्हणायच्या. पुढं कुणीतरी पोरगं यावर काम करील आणि एखाद्याचा जबडा वाचेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या काचा स्कॅन करून मोठी चित्रं आमच्या बकेटमध्ये यायला लागली, तेव्हा काकूंनी एक अट घातली. रोग्यांची चित्रं सगळ्यांबरोबर एकाच कुलपात नकोत, त्यांना वेगळी किल्ली हवी. क्लाउडमध्ये असं करता येतं, फायली स्वतःच्या वेगळ्या किल्लीनं बंद ठेवता येतात. तसं केलं. काही वर्षांनी विभागाची इमारत बदलली आणि जुन्या काचांचं काय करायचं असा प्रश्न आला. रंग उडालेल्या, कित्येक तडकलेल्या. त्या टाकायला काकूंचा जीव होईना. त्यांनी जेवताना मला विचारलं. मी भाताचा घास तोंडात ठेवून म्हणालो, "काकू, काच कशाला सांभाळत बसता? आमच्याकडं काही हरवत नाही." त्यांनी काचा टाकून द्यायच्या कागदावर सही केली.

हैदराबादला कॉपी करायचं काम माझ्या टीममधल्या एका मुलीकडं होतं. मुलगी म्हणजे तिशीची बाई, लग्न झालेली, कामाला माझ्याइतकीच जुनी. तिचे आजोबा साताऱ्याहून जयपूरला आलेले, ती इथंच जन्मली. मराठी बोलायची, पण अडखळत, मध्येच मतलब घालून. मी तिला त्यावरून छळायचो. सगळ्यांदेखत तिच्याकडून 'ळ'चे शब्द म्हणवून घ्यायचो. ती हसायची. मला वाटायचं तिला आवडतं. आता वाटतं, तिला दुसरं काय करता येणार होतं, मी तिचा साहेब होतो.

तिनं दोन्हीकडच्या बकेटमध्ये फायलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायची सोय चालू केली, कारण त्याशिवाय रेप्लिकेशन, म्हणजे एका बकेटची दुसरीत आपोआप नक्कल, होतच नाही. मग नियम लावायचा होता: इकडं जे येईल ते आपोआप तिकडं जावं. नियमाचा साचा माझा होता, मी जुन्या एका ग्राहकासाठी लिहिलेला. हाच लाव, डोकं चालवू नको, असं मी सांगितलं. त्या ग्राहकाच्या फायली वेगळ्या किल्लीत नव्हत्या. किल्लीतल्या फायली न्यायच्या असतील तर नियमात तसं वेगळं सांगावं लागतं, आणि इकडची किल्ली उघडायची आणि तिकडची लावायची परवानगीही द्यावी लागते. माझ्या साच्यात यातलं काहीच नव्हतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आठवलं नाही, एवढंच.

असा नियम फक्त पुढं येणाऱ्या फायली नेतो. आधीपासूनच्या फायलींना तो हात लावत नाही, त्यांच्यासाठी वेगळा बॅच जॉब, म्हणजे एकगठ्ठा काम, चालवावा लागतो. तो तिनं चालवला. पण त्या जॉबची यादी त्याच नियमावरून बनते. नियमात न बसणाऱ्या फायली यादीतच येत नाहीत. त्यामुळे जॉबचा अहवाल आला तो सगळा हिरवा. अपयशी शून्य, बाकी शून्य. किल्लीतल्या चित्रांवर 'पोचलं' असंही लिहिलेलं नव्हतं आणि 'नाही पोचलं' असंही नव्हतं. त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी ती माझ्या टेबलापाशी आली. मला शनिवारी गावी जायचं होतं, चुलतभावाचं लग्न होतं, आणि मी मॅनेजरला शुक्रवारी काम संपेल म्हणून शब्द दिला होता. ती म्हणाली, दोन्ही बकेटची पूर्ण यादी मागवू या. क्लाउड अशी यादी बनवून देतो, एकेका फायलीचं नाव, आकार, पोचल्याची खूण. पहिली यादी यायला दोन दिवस लागू शकतात. मग दोन्ही याद्या एकमेकीला लावून बघू आणि मगच मुंबई रिकामी करू.

मी म्हटलं आकडे बघ ना. साठवणीच्या पानावर दोन्हीकडचे आकडे होते. हैदराबादला मुंबईपेक्षा थोड्या जास्तच फायली दिसत होत्या. ती म्हणाली, तेच तर मला खटकतंय सर, जास्त कशा? मी खुर्ची फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पोचलेत त्याहून जास्त, आणि हिला रडू येतंय. रस्त्यात पिल्लं झाली असतील त्यांना." सगळे हसले. हिंदीवाल्यांना मी भाषांतर करून सांगितलं, तेही हसले.

जास्त कशा, याचं उत्तर सोपं होतं. चाचणीसाठी आम्ही छोटी चित्रं, म्हणजे मोठ्या चित्रांचे पडद्यावर दिसणारे नमुने, दोनदा हातानं तिकडं कॉपी केली होती, मग बॅचनं तीच पुन्हा पाठवली. तिकडं आवृत्त्या चालू असल्यामुळं एकेका चित्राच्या तीन-तीन आवृत्त्या पडल्या होत्या, आणि तो आकडा आवृत्त्याही मोजतो. तो आकडा फुगलेला होता. तिनं आणखी एक गोष्ट दाखवली, की फायली जास्त आणि एकूण आकार मात्र कमी. मी म्हणालो, ते आकडे दिवसातून एकदाच ताजे होतात, उद्या जुळतील. हे खरंही आहे, ते दिवसातून एकदाच ताजे होतात. फक्त दुसऱ्या दिवशी मी ते बघितले नाहीत.

ती म्हणाली, "सर, मतलब, मोजणं अलग आणि लावून बघणं अलग. दोन दिवस द्या मला."

मी म्हटलं, आधी मराठी शीक, मग मला क्लाउड शिकव. ती परत गेली.

शुक्रवारी दुपारी मी माझ्या लॉगिननं मुंबईची बकेट रिकामी केली. त्यात सगळ्या आवृत्त्यांसकट पुसलं जातं, मागं काही राहत नाही. म्हणून ते यंत्र आपल्याकडून 'कायमचं पुसा' असे इंग्रजी शब्द हातानं टाईप करवून घेतं. मी ते टाईप केले. मग कामाची शीट भरली. आमच्याकडं नियम होता, करणारा एक आणि तपासणारा दुसरा, दोन्ही नावं वेगळी हवीत. पण ऑफिसात सगळ्यांची पद्धत अशी, की काम संपलं की करणाऱ्यानंच दोन्ही रकाने भरायचे आणि दुसऱ्यात शेजारच्याचं नाव टाकायचं. माझंही नाव कित्येक शीटवर असं पडलेलं होतं, मी कधी हरकत घेतली नव्हती. मी करणारा म्हणून माझं नाव लिहिलं आणि तपासणारा म्हणून तिचं. खाली लिहिलं, सर्व फायली पोचल्या. शनिवारी गाडी पकडली.

महिनाभर कुणालाच काही कळलं नाही. चित्रांच्या छोट्या नमुन्यांना वेगळी किल्ली नव्हती, ते सगळे नीट पोचले होते. त्यामुळं काकूंच्या पडद्यावर सगळा संग्रह जागच्या जागी दिसत होता, रांगेनं, अंगठ्याच्या नखाएवढा. एका विद्यार्थिनीला दाखवायला म्हणून त्यांनी एक चित्र उघडलं, ते उघडलं नाही. दुसरं उघडलं, तेही नाही. त्यांनी मलाच फोन केला. म्हणाल्या, बाबा, तुमचं नेट बंद आहे का?

मी लॉगिन करून बघितलं. दहा मिनिटांत कळलं की किल्लीतलं काहीही तिकडं गेलेलं नाही. क्लाउडवाल्यांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की आवृत्त्यांसकट पुसलेलं परत आणता येत नाही. किल्ली अजून होती. त्या किल्लीनं उघडायला काही उरलं नव्हतं. काकूंनी जी चित्रं सगळ्यांत जपून ठेवायला सांगितली होती, नेमकी तीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं आम्हाला काचेच्या खोलीत बोलावलं. टीममधले दोघं-तिघं आणि ती. त्यानं विचारलं, पुसण्याआधी तपासलं कुणी होतं? मी तेव्हा बोलू शकलो असतो. मला वेळ होता, कुणी घाई करत नव्हतं. मी म्हणालो, "शीटमध्ये नाव आहे."

त्यानं शीट उघडली. तिनं ती पहिल्यांदाच बघितली असावी. ती माझ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, म्हणजे बाकीच्यांना कळू नये असं तिला वाटलं असेल, की सर, मी बोलले होते ना तुम्हाला, याद्या लावू म्हणून.

मी म्हटलं, "कधी?"

एवढंच. तिनं बाकीच्यांकडं बघितलं. त्या गुरुवारी जे हसले होते ते तिथंच बसलेले होते. एकालाही काही आठवेना. तिनं तोंडी सांगितलं होतं, लिहून काहीच नव्हतं. मीच तिला एकदा झापलं होतं, प्रत्येक गोष्टीचा मेल कशाला टाकतेस, तोंड नाही का तुला, म्हणून. नियम तिनं लावलेला, जॉब तिनं चालवलेला, तपासणारी म्हणूनही तीच. मॅनेजरनं फार आरडाओरडा केला नाही. आठवड्यानं तिनं राजीनामा दिला. नोटिशीचा महिना ती रोज वेळेवर येऊन बसली, कुणी तिच्याबरोबर डबा खाल्ला नाही. बकेटमधले तिचे अधिकार मी काढून घेतले. जाताना ती माझ्यापाशी आली नाही, आणि मला बरं वाटलं, हे खरं सांगतो.

मग काकूंचा फोन आला. काय उरलंय ते मला नक्की कळायला हवं, असं त्या म्हणाल्या. सुरुवातीची काही चित्रं वेगळी किल्ली लावायच्या आधी आलेली होती, ती हैदराबादला होती. कुठली ते हैदराबादच्या बकेटच्या यादीवरून कळणार होतं. मी म्हटलं, मी ऑफिसातून काढून पाठवतो. त्या म्हणाल्या, नको, घरी ये, रजिस्टर माझ्याकडं आहे. मी वाचते, तू बघ.

रजिस्टर चार होती. अकराशेच्या वर नोंदी, काकूंच्या बारीक अक्षरात. आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो, मे महिना, कूलरचा आवाज. त्या नंबर वाचायच्या, मी लॅपटॉपवर शोधायचो आणि सांगायचो. आहे. नाही. नाही. नाही. त्या पेन्सिलीनं खूण करायच्या. मध्येच थांबून सांगायच्या, हा कंडक्टर, याची गाठ तीनदा परत आली आणि तरी माणूस अकरा वर्षं जगला, का जगला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कापांत कुठंतरी असणार. मी सांगायचो, नाही. ही अठरा वर्षांची, हिच्या आईनं मला मुलगी गेल्यावर येऊन काच मागितली होती, मी दिली नाही, म्हटलं पुढं कुणाच्या कामी येईल. मी शोधलं. नाही. त्यांनी खूण केली आणि बराच वेळ पेन्सिल कागदावरच टेकवून ठेवली.

पहिल्या दिवशी शंभरेक झाल्यावर मी कंटाळलो. मी कंटाळलो, हे लिहिताना मला माझीच शिसारी येते. म्हटलं, काकू, असं एकेक वाचायची गरज नाही, किल्लीतलं सगळं गेलंय, मी आकडा सांगतो, तेवढे वजा करा.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मोजून कळत नाही. तुमच्या ऑफिसातली ती मुलगी परवा येऊन गेली, तिनं सांगितलं."

मी विचारलं, कशाला आली होती? त्या म्हणाल्या, माफी मागायला. इथंच बसली होती, तुझ्या खुर्चीत. मी तिला सगळं विचारलं, काय केलं, कसं केलं. तिनं सगळं सांगितलं, पण तुझं नाव एकदाही घेतलं नाही. आणि तपासलं कुणी विचारलं तर म्हणाली, शीटमध्ये माझं नाव आहे. तपासलं मी, असं नाही म्हणाली.

कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो गरम हवा फेकत होता. मी म्हणालो, काकू, तपासलं नव्हतंच कुणी. तिनं दोन दिवस मागितले होते, मी दिले नाहीत. नाव मी टाकलं. आणि काचा टाका म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला.

मला वाटलं त्या रडतील किंवा मला हाकलून देतील. दोन्ही चाललं असतं. त्यांनी विचारलं, "हे तिला सांगितलंस?"

नाही, मी म्हणालो.

"ऑफिसात?"

नाही.

"मग मला कशाला सांगतोस," त्या म्हणाल्या, चष्मा लावला आणि पुढचा नंबर वाचला. मी शोधला. तो नव्हता.

असे चार रविवार गेले. जेवायला त्यांनी एकदाही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या मात्र टेबलावर असायचा. अकराशेंतले एकशे चाळीस उरले होते, तेही सुरुवातीचे, ज्यांचे पुढचे काप गेलेले. एका सालाचा काप असून उपयोग काय, त्या म्हणाल्या, रोग कसा चालला तेच तर बघायचं होतं. शेवटच्या पानावर त्यांनी मला तारीख घालून सही करायला लावली. मी केली. दारापर्यंत त्या आल्या नाहीत.

ऑफिसात सांगायचं असं मी त्या संध्याकाळी घरी जाताना पक्कं ठरवलं होतं. सोमवारी मॅनेजर बाहेरगावी होता. मंगळवारी मीटिंगा होत्या. मग राहिलं. आता आमच्याकडं कुठलीही बकेट रिकामी करण्याआधी दोन्हीकडच्या याद्या काढून एकेक फाईल नावानं, आकारानं आणि चेकसमनं, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेनं, लावून बघतात. तो नियम मीच लिहिला आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

त्यानंतर साधारण महिन्याभरानं मला दुपारी एक फोन आला. कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचा माणूस होता, राजीनामा देऊन गेलेली ती मुलगी तिथं नोकरीला लागणार होती आणि त्याला तिची माहिती पडताळून बघायची होती. जुन्या साहेबाचा नंबर म्हणून तिनं माझा दिला होता, दुसऱ्या कुणाचा देणार होती. त्यानं विचारलं, कामाला कशी आहे? मी सांगितलं, चांगली आहे, मेहनती आहे. मग त्यानं विचारलं, काही उणीव? शेजारच्या खुर्च्यांवर टीम बसलेली होती, मॅनेजर त्याच्या खोलीत होता, दार उघडं होतं.

मी म्हणालो, "तपासणीत जरा कमी पडते."

त्यानं लिहून घेतलं असावं, कारण तो क्षणभर थांबला. मग थँक यू म्हणाला आणि फोन ठेवला.